वंशावळीतलं एक चिन्ह बदलून बघा

अल गराफामध्ये गुरुवारची संध्याकाळ म्हणजे आपल्याकडची शनिवारची संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी सुट्टी, त्यामुळे शेजारपाजारची मुलं उशिरापर्यंत एकमेकांकडे असतात. अशाच एका गुरुवारी शेजारची बारावीतली मुलगी लॅपटॉप घेऊन आमच्याकडे आली. आनुवंशिकतेच्या प्रकारांवर तिच्या गटाला वर्गात प्रेझेंटेशन द्यायचं होतं. वीस स्लाइड तयार होत्या आणि शेवटच्या स्लाइडवर वर्गाला विचारायचे पाच प्रश्न होते. "मावशी, फक्त प्रश्न बघ, बाकी सगळं झालंय," ती म्हणाली.

प्रश्न असे होते: जनुक म्हणजे काय? समयुग्मकी आणि विषमयुग्मकी यांतला फरक सांगा. वाहक कोणाला म्हणतात? वंशावळीत चौकोन काय दाखवतो? आनुवंशिकतेचा जनक कोण?

मी तिला एवढंच विचारलं, "तुमच्या वीस स्लाइड चालू असताना जो मुलगा बाहेर पाणी प्यायला गेला होता, पण ज्याने सकाळी पुस्तकाच्या मागची शब्दसूची वाचली होती, त्याला पाचपैकी किती मिळतील?" पाच, ती म्हणाली. "आणि जिला सगळं नीट समजलं, पण शब्द ऐन वेळी आठवत नाहीत, तिला?" ती गप्प झाली.

माझं मत सरळ आहे. आनुवंशिकतेवरच्या प्रेझेंटेशनच्या शेवटी व्याख्या विचारणारा एकही प्रश्न नसावा. व्याख्या हव्यात, पण त्यांची जागा पहिल्या स्लाइडवर, सगळ्यांना दिसतील अशा. शेवटी पडद्यावर एक वंशावळ असावी आणि तिच्याकडे बघून उत्तर काढता येईल असे तीन-चार प्रश्न. प्रश्न चांगला आहे का हे ओळखायला मी दोन कसोट्या वापरते. पहिली कसोटी: सगळे जड शब्द काढून 'आजारी', 'निरोगी' आणि 'वाहक' एवढेच ठेवले, तरी प्रश्न उभा राहतो का? दुसरी कसोटी: वंशावळीतलं एक चिन्ह बदललं, तर उत्तर बदलतं का? बदलत नसेल, तर ती वंशावळ तिथे शोभेपुरती आहे.

हा हट्ट केवळ परीक्षेसाठी नाही. आपण राहतो त्या कतारमध्ये २००९ पासून लग्नाआधीची वैद्यकीय तपासणी सक्तीची आहे आणि तिच्यात काही आनुवंशिक आजारांच्या तपासण्याही येतात. आपल्याकडे विदर्भात आणि नंदुरबारच्या बाजूला सिकलसेलचा प्रश्न जुना आहे. नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांनी १९५८ सालीच 'लॅन्सेट'मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेल वाहकांबद्दल लिहिलं होतं. तिथल्या गावांत 'एएस पॅटर्न' आणि 'एसएस पॅटर्न' हे शब्द आता शाळेत न गेलेल्या माणसांच्याही तोंडी असतात. शब्द तर सगळ्यांना येतात. पण रिपोर्ट हातात घेऊन बसलेलं जोडपं व्याख्या विचारत नाही. ते विचारतं, "पहिल्याला झाला, आता पुढच्या तिघांना नाही ना होणार?" किंवा "थोरल्या मावशीला होता, मग माझ्यात असेल का?" वर्गात विचारायचे प्रश्न याच जातीचे असले पाहिजेत.

म्हणून त्या संध्याकाळी आम्ही सिकलसेलचं एक काल्पनिक कुटुंब काढलं. तुम्हीही कागद-पेन्सिल घ्या.

वर आजोबांचा चौकोन आणि आजीचं वर्तुळ, दोन्ही कोरे, म्हणजे दोघंही निरोगी. त्यांच्याखाली तीन मुलं. थोरली मावशी, तिचं वर्तुळ भरलेलं, म्हणजे तिला आजार आहे. मग मामा, कोरा चौकोन. मग आई, कोरं वर्तुळ. आईच्या शेजारी बाबा आणि मामाच्या शेजारी मामी, दोघंही कोरे. आई-बाबांना एक मुलगा, मामा-मामींना एक मुलगी. झाली वंशावळ.

पहिला प्रश्न: या चित्रावरून हा आजार कसा उतरतो ते सांगा, आणि तुमचं उत्तर चित्रातल्या नेमक्या कोणत्या व्यक्तीमुळे ठरलं तेही सांगा.

सिकलसेल हे नाव प्रश्नात द्यायचं नाही. नाव दिलं की पाठ केलेलं उत्तर येतं. चित्रावरून विचार असा होतो: आई-वडील दोघंही निरोगी आणि मुलीला आजार, म्हणजे दोष दोघांपैकी निदान एकाकडे लपलेला होता. आजार प्रभावी असता, तर तो बाळगणाऱ्या पालकात दिसला असता. म्हणून आजार अप्रभावी. आता तो साध्या गुणसूत्रावर आहे की एक्सवर? मुलीला एक एक्स वडिलांकडून मिळतो आणि एक आईकडून. एक्सवरचा अप्रभावी आजार तिला व्हायचा, तर वडिलांचा एक्सही सदोष हवा. पण वडिलांकडे एकच एक्स असतो, तो सदोष असता तर ते स्वतःच आजारी असते. ते निरोगी आहेत. म्हणून आजार साध्या गुणसूत्रावरचा. म्हणजेच मावशीला एक सदोष प्रत आजोबांकडून आली आणि एक आजीकडून. दोघंही वाहक, आणि हे आता अंदाजाने नाही, खात्रीने.

यानंतर ती वर्तुळाची युक्ती. पुढच्या स्लाइडवर तीच वंशावळ दाखवायची, फक्त थोरल्या मावशीच्या जागी थोरला मामा ठेवायचा, म्हणजे भरलेल्या वर्तुळाच्या जागी भरलेला चौकोन. आणि विचारायचं, "आता कोणतं वाक्य तुम्हाला खात्रीने म्हणता येणार नाही?" मुलग्याला एक्स फक्त आईकडून मिळतो. तेव्हा एक्सवरचा आजारही आता शक्य झाला, साध्या गुणसूत्रावरचाही शक्य राहिला. आजोबा वाहक आहेत हे वाक्य गेलं. एका चिन्हाने एवढं सगळं फिरतं हे ज्याला दिसलं, त्याला वंशावळ वाचता येते. 'ऑटोसोमल' हा शब्द त्याने उच्चारला नाही तरी चालेल.

दुसरा प्रश्न: मूळ चित्रात, मामा वाहक असण्याची संभाव्यता किती? पर्याय: १/४, १/२, २/३, ३/४.

या प्रश्नासाठी मी सगळे व्याख्येचे प्रश्न देऊन टाकीन. आजी-आजोबा दोघंही वाहक. पनेटचा चौकोन मांडला की चार सारख्याच शक्यता येतात: एक पूर्ण निरोगी, दोन वाहक, एक आजारी. बहुतेक मुलं इथे थांबतात आणि चारपैकी दोन, म्हणजे १/२ म्हणतात. पण प्रश्न नुकत्याच जन्मलेल्या बाळाबद्दल नाही. प्रश्न मामाबद्दल आहे आणि मामाचा चौकोन कोरा आहे. तो आजारी नाही हे चित्र आपल्याला आधीच सांगतंय. तेव्हा चौथी शक्यता खोडायची. उरल्या तीन, त्यांतल्या दोन वाहकाच्या. उत्तर २/३.

पर्याय कसे निवडले हेही सांगते, कारण प्रश्नाचं निम्मं काम पर्याय करतात. १/४ निवडणाऱ्याने 'वाहक आई-वडील म्हणजे पंचवीस टक्के' एवढंच पाठ केलंय. कशाचे पंचवीस टक्के, ते त्याला ठाऊक नाही. १/२ वाल्याला चौकोन मांडता येतो, पण चित्राकडे परत बघायची सवय नाही. ३/४ वाल्याने 'निरोगी' आणि 'वाहक' यांची गल्लत केली. कोणत्या पर्यायावर किती हात वर गेले हे बघितलं की शिक्षकाला कळतं, पुढची दहा मिनिटं कशावर घालवायची. 'यापैकी नाही' असा पर्याय ठेवला, तर त्यातून काहीच कळत नाही.

याच प्रश्नाला लागून एक जोडप्रश्न हवा. समजा आजी-आजोबांना चौथं मूल झालं असतं. त्याला आजार असण्याची संभाव्यता किती? उत्तर १/४. आधीचं एक आजारी होतं आणि दोघं निरोगी होते, याने काहीच बदलत नाही. आजी-आजोबा वाहक आहेत हे पक्कं झालंय, आणि प्रत्येक गर्भधारणेला फासा नव्याने पडतो. 'चौघांत एक' याचा अर्थ 'एकाला झाला, आता तिघं सुटले' असा नाही. ज्या घरात पहिलं मूल सिकलसेलचं असतं, त्या घरात नेमका हाच गैरसमज पुढच्या बाळंतपणाच्या वेळी उंबऱ्यावर उभा असतो. वर्गात तो निघाला, तर बरं.

तिसरा प्रश्न आपल्या घरचा आहे. मामाची मुलगी आणि आईचा मुलगा यांचं लग्न ठरतंय. महाराष्ट्रात अनेक समाजांत मामेबहिणीशी लग्नाची रीत आहे, आणि आखाती देशांतही भावंडांच्या मुलांमधली लग्नं नवलाची नाहीत, म्हणून हा प्रश्न इथल्या वर्गात कुणालाच परका वाटत नाही. बाबा आणि मामी वाहक नाहीत असं धरा. या जोडप्याच्या पहिल्या मुलाला आजार असण्याची संभाव्यता किती? पर्याय: १/४, १/९, १/३६, १/६४.

एकेक पायरी उतरू. आई वाहक असण्याची शक्यता मामासारखीच २/३. ती वाहक असेल, तर तिने सदोष प्रत मुलाला देण्याची शक्यता १/२. म्हणून मुलगा वाहक असण्याची शक्यता २/३ गुणिले १/२, म्हणजे १/३. मामाच्या मुलीचं तसंच, १/३. दोघंही वाहक असले, तर मूल आजारी होण्याची शक्यता १/४. गुणाकार केला की १/३६, म्हणजे साधारण पावणेतीन टक्के.

१/४ निवडणाऱ्याला 'नात्यातलं लग्न म्हणजे पंचवीस टक्के' असं वाटतंय. १/९ वाला शेवटचा १/४ विसरला. १/६४ वाल्याने आई आणि मामा या दोघांसाठी २/३ ऐवजी १/२ घेतले, म्हणजे त्याला दुसरा प्रश्न अजून पचलेला नाही.

इथे शेजारच्या त्या मुलीने मला अडवलं, आणि तिची शंका प्रश्नापेक्षाही चांगली होती. "मावशी, मुलगाही निरोगीच दिसतोय. मग मामासारखी इथेही एक शक्यता खोडायला नको का?" नको, आणि का नको ते समजून घेण्यासारखं आहे. बाबा वाहक नाहीत असं आपण धरलंय. त्यामुळे मुलगा आजारी होण्याची शक्यता मुळातच नव्हती. जी शक्यता यादीत नाही, ती खोडणार कशी? त्याचं निरोगी असणं आपल्याला नवीन काहीच सांगत नाही. मामाचं निरोगी असणं सांगतं. कोरं चिन्ह दोन्हीकडे सारखंच, पण एक बोलतं आणि एक गप्प असतं. वंशावळ वाचणं म्हणजे कोणतं चिन्ह बोलतंय ते ओळखणं.

आता तुलना. हाच मुलगा नात्याबाहेरच्या मुलीशी लग्न करतो आणि तिच्या समाजात दहांत एक जण वाहक आहे असं धरू. मग १/३ गुणिले १/१० गुणिले १/४, म्हणजे १/१२०. नात्यातल्या लग्नापेक्षा धोका बराच कमी. पण इथेच थांबलात, तर मुलं चुकीचा धडा घेऊन घरी जातील. महाराष्ट्रातल्या काही समाजांत सिकलसेलच्या वाहकांचं प्रमाण तीस टक्क्यांच्याही पुढे आढळलं आहे. तिथे नात्याबाहेरची पण त्याच समाजातली मुलगी केली, तर ती वाहक असण्याची शक्यता आपल्या मामेबहिणीच्या १/३ च्या जवळ जाते. आणि अशा समाजात 'बाबा आणि मामी वाहक नाहीत' हे आपलं गृहीतकही टिकत नाही, म्हणजे मामेबहिणीचा आकडाही वर सरकतो. 'नात्यात नाही म्हणजे सुरक्षित' हे वाक्य तिथे खोटं ठरतं. नात्यापेक्षा दोघांचे रिपोर्ट बघणं तिथे जास्त कामाचं.

चौथ्या प्रश्नाआधी भाषेबद्दल थोडं. बाहेर वाढणारी आपली मुलं 'अंकल' आणि 'कझिन' म्हणतात. या दोन शब्दांत वंशावळीतली निम्मी माहिती पुसली जाते. काका म्हणजे वडिलांचा भाऊ, मामा म्हणजे आईचा भाऊ. चुलतभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ, मावसभाऊ हे प्रत्येकी वेगळी वाट सांगतात. हिमोफिलियासारख्या एक्सवरच्या आजारात ही वाटच सगळं ठरवते. काकाला हिमोफिलिया असेल आणि वडील निरोगी असतील, तर वडिलांचा एकुलता एक्स चांगला आहे. त्या बाजूने मुलांपर्यंत काहीच येत नाही. मामाला असेल, तर मात्र आई वाहक असू शकते. आतेभावाला असेल आणि वडील निरोगी असतील, तर चिंता नाही. मावसभावाला असेल, तर विचारपूस करायला हवी. आपले कुलवृत्तांत इथे कामाला येत नाहीत, कारण त्यांत वंश मुलग्यांमधून चालतो आणि लेकीच्या पुढची पिढी सहसा दुसऱ्या घराण्याची होते. एक्सवरचा आजार नेमका लेकींमधूनच पुढे जातो. तेव्हा प्रश्न मराठीत विचारायची सोय असेल, तर नात्याचा शब्द तसाच ठेवा. इंग्रजीत विचारायचा असेल, तर चित्राशिवाय विचारू नका.

चौथा प्रश्न: एका बाईच्या दोन भावांना हिमोफिलिया आहे. तिचे वडील आणि नवरा निरोगी आहेत. तिला दोन मुलगे आणि दोन मुली आहेत, चौघंही निरोगी. ती वाहक असण्याची संभाव्यता किती? पर्याय: १/२, १/५, १/८, १/१७.

भाऊ दोन का घेतले ते आधी सांगते. एकच भाऊ आजारी असता, तर त्याच्यात तो दोष नव्याने उद्भवलेलाही असू शकला असता. हिमोफिलियात असं खरोखर घडतं. दोन भाऊ आजारी असले, की त्यांची आई वाहक आहे असं धरायला हरकत नाही. मग या बाईला आईकडून सदोष एक्स मिळण्याची शक्यता १/२. मुलं व्हायच्या आधी उत्तर एवढंच होतं.

पण आता तिला मुलं झाली आहेत आणि ती काहीतरी सांगताहेत. सूत्र बाजूला ठेवा आणि बायका मोजा. अशा स्थितीतल्या आठ बाया घ्या, प्रत्येकीला दोन मुलगे. चार वाहक, चार नाहीत. ज्या वाहक नाहीत, त्या चौघींचेही दोन्ही मुलगे निरोगी असणार. ज्या वाहक आहेत, त्यांच्या प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची शक्यता निम्मी, म्हणून दोन्ही मुलगे निरोगी असण्याची शक्यता चारांत एक, म्हणजे चौघींपैकी एकीचे. दोन्ही मुलगे निरोगी असलेल्या बाया एकूण पाच. त्यांतली वाहक एक. उत्तर १/५.

मुलींचं काय? वडील निरोगी, म्हणून प्रत्येक मुलीकडे वडिलांकडून आलेला एक चांगला एक्स आहेच. आई वाहक असो वा नसो, मुली आजारी नसत्याच झाल्या. त्यांची कोरी वर्तुळं इथे गप्प आहेत. ज्याने चारही मुलं मोजली, तो १/१७ वर जातो. त्याला मोजणी येते, पण चित्र वाचता येत नाही. १/८ वाला 'ती वाहक आहे आणि दोन्ही मुलगे निरोगी आहेत' या दोन्ही गोष्टी एकत्र घडण्याची शक्यता काढून थांबला. दोन्ही मुलगे निरोगी आहेत हे आपल्याला आधीच ठाऊक आहे, हे तो विसरला. १/२ वाल्याला फासा नव्याने पडतो हे आठवलं, पण ते इथे लावायचं नव्हतं.

या १/२ वाल्याशी वर्गात नीट बोलायला हवं, कारण तो चुकीच्या जागी बरोबर आहे. आजी-आजोबांच्या बाबतीत आपण म्हणालो होतो, आधीच्या मुलांनी काही बदलत नाही. इथे म्हणतोय, बदलतं. फरक असा: तिथे आई-वडील वाहक आहेत हे पक्कं होतं, तेव्हा मुलांनी आपल्याला त्यांच्याबद्दल नवीन सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. इथे आई वाहक आहे की नाही हेच ठाऊक नाही. प्रत्येक निरोगी मुलगा तिच्या बाजूने थोडी साक्ष देतो. फाशाला आठवण नसते, पण फासा कोणता आहे हेच माहीत नसेल, तर आधी पडलेली दानं बघूनच अंदाज करावा लागतो. हे दोन प्रश्न शेजारी-शेजारी ठेवले, तरच हा फरक डोक्यात बसतो. एकटा कुठलाही प्रश्न विचारला, तर मुलं एक नियम पाठ करून मोकळी होतात.

आता या सगळ्याची मर्यादा, जी मुलांना सांगितलीच पाहिजे. २/३ किंवा १/५ हे आकडे मामाच्या किंवा त्या बाईच्या रक्तात नाहीत. मामा एक तर वाहक आहे किंवा नाही. आकडा आपल्या माहितीचा आहे. मामाने तपासणी केली आणि एएस आला, की २/३ चा एक होतो. एए आला, की शून्य होतो. आणि मामाचा रिपोर्ट आईचा आकडा बदलत नाही, कारण आजी-आजोबा दोघंही वाहक आहेत हे मावशीमुळे आधीच ठरलेलं आहे. हाही एक छान प्रश्न होतो: 'मामाचा रिपोर्ट एए आला, आता आईचं किती?' अनेक जण घाईने कमी करतात. ते २/३ च राहतं.

दुसरी मर्यादा चित्र काढणाऱ्याच्या चुकीची. सिकलसेलची पहिली चाचणी साधी असते, विद्राव्यता चाचणी. रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही एवढंच ती सांगते. वाहक आणि आजारी यांत ती फरक करू शकत नाही. तो फरक इलेक्ट्रोफोरेसिससारख्या पुढच्या तपासणीत कळतो. समजा कुणी पहिल्या चाचणीवरच मावशीचं वर्तुळ भरून टाकलं आणि प्रत्यक्षात ती फक्त वाहक होती. मग आजी-आजोबांपैकी एकच वाहक असणं पुरेसं आहे. दोघंही वाहक हे वाक्य कोसळतं, त्यावर उभा असलेला २/३ कोसळतो, त्यावरचा १/३६ ही कोसळतो. गुणाकार शेवटपर्यंत बरोबर आणि उत्तर चूक. म्हणून प्रत्येक वंशावळीखाली एक ओळ हवी: भरलेलं चिन्ह म्हणजे नेमकं काय, आणि ते कोणत्या तपासणीवरून भरलं.

त्या मुलीच्या गटाने शेवटी चार प्रश्न ठेवले. व्याख्या पहिल्या स्लाइडवर गेल्या. पुढच्या गुरुवारी ती सांगत आली, मामाच्या प्रश्नाला निम्म्याहून जास्त हात १/२ वर गेले, आणि मागच्या बाकावरच्या एका मुलाने, ज्याला 'विषमयुग्मकी' म्हणजे काय ते धड सांगता आलं नसतं, उभं राहून विचारलं, "पण मामा आजारी नाहीये ना? मग त्याला चारात कशाला मोजताय?"